लिस्बनची थाळी, फोंड्याची थाळी आणि मधला युरो

प्रश्न: लिस्बनला बहिणीकडे गेलो होतो. साध्या हॉटेलात मासे-भाताचं दुपारचं जेवण ११ युरोला, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. फोंड्यात तसंच पोटभर जेवण २२० रुपयांत मिळतं. कोणी म्हणतं हे पीपीपीमुळे, म्हणजे क्रयशक्तीच्या समानतेमुळे. मग युरोचा दर चुकीचा ठरवलाय का?

दर चुकीचा नाही. तुम्ही जेवणाच्या किमतीला लावलात तो दर मुळात जेवणाकडे बघून ठरतच नाही, एवढंच.

मी फोंड्यात अर्थशास्त्र शिकवतो आणि माझ्या मामांची इथेच बाजाराजवळ खाणावळ आहे. त्यांची हिशेबाची वही बरीच वर्षं मीच बघतो. शिवाय त्यांच्याकडे आठ वर्षं काम केलेला मुख्य आचारी आता लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे आणि आमचं बोलणं होत असतं. त्यामुळे तुमच्या दोन्ही थाळ्या मी आतून उघडून दाखवू शकतो. आकडे २०२४ सालचे आणि सोयीसाठी गोल केलेले आहेत. युरो ९० रुपयांचा धरतो.

आधी फोंड्याची थाळी. शीत, बांगड्याचं हुमण, एक तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, एक भाजी, सोलकढी. दर २२० रुपये. रोज साधारण १२० थाळ्या जातात आणि महिन्याचे २६ दिवस खाणावळ उघडी असते, म्हणजे महिन्याला ३,१२० थाळ्या. एका थाळीमागे नुस्तं, नारळ, तांदूळ, तेल, भाजी मिळून १०५ रुपये जातात. पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, हाच आकडा बराच वर चढतो आणि तेव्हा मामा तळलेली तुकडी लहान करतात, थाळीचा दर वाढवत नाहीत. कामाला सात माणसं, त्यांचा एकूण पगार महिना सव्वा लाख, म्हणजे थाळीमागे ४० रुपये. भाडं ४० हजार, थाळीमागे १३ रुपये. गॅस, वीज, भांडीकुंडी, दुरुस्ती २० रुपये. कर साधारण १० रुपये. उरतात ३२ रुपये, आणि त्यातच मामा-मामींची सकाळी सहापासूनची मेहनत आली.

आता लिस्बनची थाळी ११ युरोची. तिथे त्याच कामाला सात नाही, चार माणसं आहेत. भांडी यंत्र धुतं, मासे साफ होऊन येतात, वाढायला एकच जण. रोज ९० ताटं जातात. पगार महिना १,००० युरो, पण पोर्तुगालमध्ये वर्षाचे पगार १४ असतात, कारण सुट्टीचा आणि नाताळचा जादा पगार कायद्याने द्यावा लागतो. त्यावर मालकाला सामाजिक सुरक्षेचे २३.७५ टक्के वेगळे भरावे लागतात. म्हणजे एक माणूस मालकाला महिन्याला सरासरी १,४४४ युरोंना पडतो. चार माणसांचे ५,७७५ युरो महिन्याच्या २,३४० ताटांवर वाटले की एका ताटामागे जवळजवळ अडीच युरो येतात. हे झाले २२५ रुपये. आपल्याकडे सात माणसं राबून ४०, तिकडे चार माणसांत २२५. फोंड्याची अख्खी थाळी जितक्यात मिळते, जवळजवळ तेवढे पैसे तिथे नुसत्या कामाच्या हातांचे झाले.

बाकीचं थोडक्यात सांगतो. भाडं सुमारे एक युरो, हॉटेलातल्या जेवणावर १३ टक्के व्हॅट म्हणजे सव्वा युरोहून थोडा जास्त, वीज-विमा वगैरे सव्वा युरो, सामान साडेतीन युरो, आणि मालकाला उरतो दीड युरोच्या आसपास.

इथे तुम्ही थांबून विचाराल की पगाराचं समजलं, पण सामानाचं काय? तांदूळ आणि तेल जगभर जहाजांतून फिरतात. मग सामान १०५ रुपयांचं ३१५ रुपयांचं कसं झालं? मला स्वतःला याचं उत्तर वहीत बघूनच कळलं. बाजारातून आणलेल्या किलोभर बांगड्याच्या किमतीत मासा असतो तेवढाच खलाशाचा, बर्फवाल्याचा, टेम्पोवाल्याचा आणि विकायला बसलेल्या बाईचा दिवस असतो. गोणीतला तांदूळ बंदरावर दोन्हीकडे बऱ्यापैकी जवळच्या भावात उतरेल. पण बंदर ते स्वयंपाकघर या वाटेवर त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा पगार स्थानिक असतो. म्हणून ज्याला आपण ‘माल’ म्हणतो त्यातही अर्धं स्थानिक श्रमच मिसळलेलं असतं. फरक शोधत खाली खाली गेलात की बहुतेक ठिकाणी मजुरीच सापडते.

मग मजुरी एवढी वेगळी का? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म इथे आहे.

आमचा आचारी फोंड्यात जितके मासे तासाला तळायचा तितकेच लिस्बनमध्ये तळतो. तिथे गेल्यावर त्याच्या हाताला अधिक वेग आला असं काही झालेलं नाही. इथे त्या जागेला आज मामा २६ हजार देतात. तिकडे त्याला सगळं कापून, १४ पगारांची सरासरी काढून, महिन्याला साधारण १,००० युरो हातात येतात, म्हणजे बाजारातल्या दराने ९० हजार. कारण असं की मालक आचाऱ्याला किती देतो हे आचारी किती तळतो यावर ठरत नाही. तो हे काम सोडून दुसरीकडे किती मिळवू शकला असता यावर ठरतं. पोर्तुगालमध्ये तोच माणूस कारखान्यात, गोदामात, बंदरात गेला तर तिथे यंत्रांच्या जोडीने तासाला पुष्कळ मोलाचं काम होतं आणि पगारही तसाच मिळतो. हॉटेलवाल्याला माणूस टिकवायचा तर त्या पगाराच्या आसपास जावंच लागतं. आपल्याकडे मामांच्या खाणावळीत मसाला वाटणारा मुलगा झारखंडचा आहे. गावी त्याच्यापुढे पर्याय आहे तो कोरडवाहू शेतातल्या मजुरीचा. भारतातली साधारण ४५ टक्के कामकरी माणसं अजून शेतीत आहेत आणि तिथे माणशी उत्पन्न फार थोडं निघतं. त्या शेतातल्या मजुरीवर फोंड्याच्या थाळीचा दर बेतलेला आहे.

हा विचार १९६४ साली बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळा मांडला, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं. श्रीमंत देशाची आघाडी मुख्यतः जहाजात चढणाऱ्या मालात असते. केस कापणं, स्वयंपाक, शिकवणं यात ती फारशी नसते. पण पगार मात्र देशभर एकमेकांना धरून वर जातात. त्यामुळे जे काम कोणत्याच देशात फार वेगाने होऊ शकत नाही, ते श्रीमंत देशात महाग होऊन बसतं.

आता युरोचा दर. रुपये देऊन युरो कोण घेतं? यंत्रं आणणारा कारखानदार, परदेशी विद्यापीठाची फी भरणारे आईबाप, भारतातला पैसा काढून नेणारा गुंतवणूकदार. आणि युरो देऊन रुपये कोण घेतं? सॉफ्टवेअर, औषधं, कोळंबी विकणारे, घरी पैसे पाठवणारे. या सगळ्यांच्या ओढाताणीतून ९० हा आकडा आला. यात मामांची थाळी कुठेच नाही. २२० ला घेतलेली थाळी कोणी लिस्बनला नेऊन ९९० ला विकू शकला असता, तर लोकांनी इथल्या थाळ्या उचलून तिकडे ओतल्या असत्या आणि दोन्हीकडचे भाव जवळ आले असते. फोनच्या बाबतीत तसंच होतं, म्हणून फोनची किंमत कर वगळता दोन्हीकडे सारखी भासते. थाळी त्या वाटेने जाऊ शकत नाही, आणि ती करणारा माणूसही व्हिसाशिवाय जाऊ शकत नाही.

गोव्यात मात्र त्या भिंतीला एक दार आहे, आणि आमचा आचारी त्यातूनच गेला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. त्याचे आजोबा सासष्टीतले, जन्माची नोंद जुन्या दप्तरात सापडली. एरवी भारतातला आचारी आणि युरोपातला पगार यांची गाठ सहज पडत नाही. इथे ती पडते आणि पडल्याबरोबर माणूस निघतो. दोन मजुऱ्यांमधली दरी किती खोल आहे हे मला कुठल्याही तक्त्यापेक्षा मामांच्या रिकाम्या झालेल्या जागेवरून जास्त कळलं.

पीपीपी, म्हणजे क्रयशक्तीची समानता, हा या सगळ्याचा दोष नाही आणि कारणही नाही. ते मोजमाप आहे. इथे जे घ्यायला इतके रुपये लागतात, तेच तिथे घ्यायला किती युरो लागतात, एवढंच ते विचारतं. हा शब्द गुस्ताव कासेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये रूढ केला. पहिल्या महायुद्धात सगळ्या चलनांचे दर विस्कटले होते आणि नवे दर कुठे बसवावेत हा तेव्हाचा प्रश्न होता. दरही शेवटी किमतींच्या मागे जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. श्रीमंत आणि गरीब देशांमध्ये ते का जुळत नाही, हे वर सांगितलं.

मोजमाप कसं करतात ते दोनच वस्तू घेऊन करून बघू. थाळी इथे २२०, तिथे ११ युरो. म्हणजे थाळीपुरता एक युरो २० रुपयांचा. फोन इथे ९० हजार, तिथे १,००० युरो. फोनपुरता युरो ९० रुपयांचा. मग खरा कोणता? ते कोण काय विकत घेतो यावर आहे. समजा फोंड्यातला माणूस वर्षाला ३०० थाळ्या जेवतो आणि तीन वर्षांतून एकदा फोन घेतो. त्याच्या टोपलीला इथे ६६ हजार अधिक ३० हजार, म्हणजे ९६ हजार रुपये लागतात. तीच टोपली लिस्बनमध्ये ३,३०० अधिक ३३३, म्हणजे ३,६३३ युरोंना पडते. भागाकार केला की युरो २६ रुपये ४० पैशांचा. आता लिस्बनचा माणूस तितक्याच थाळ्या जेवतो पण दरवर्षी फोन बदलतो. त्याची टोपली तिथे ४,३०० युरोंची आणि इथे १ लाख ५६ हजार रुपयांची. त्याच्या हिशेबाने युरो ३६ रुपये ३० पैशांचा. दोघांपैकी कोणाचीही टोपली धरली तर दुसऱ्यावर अन्याय होतो, म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घेतात. उत्तर येतं सुमारे ३१ रुपये. बाजारात ९०, क्रयशक्तीने ३१.

खऱ्या मोजणीत दोन वस्तूंऐवजी शेकडो वस्तू असतात, तत्त्व मात्र हेच. ही मोजणी १९६८ पासून चालू आहे. सुरुवातीला संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून ती केली. आता जागतिक बँक ती चालवते आणि देशोदेशीची सांख्यिकी खाती भाव गोळा करतात. २०१७ च्या फेरीत अमेरिकेच्या एका डॉलरला भारताचा आकडा २०.६५ रुपये निघाला, तेव्हा बाजारात डॉलर सरासरी ६५.१२ रुपयांचा होता. म्हणजे अमेरिकेत १०० ला मिळणारं इथे सरासरी ३२ च्या आसपास मिळत होतं. माझ्या दोन वस्तूंच्या खेळातही ९० ला ३१, म्हणजे थोड्याफार फरकाने तसंच प्रमाण आलं. ते निम्मं योगायोगाने आलं आहे, त्याला जास्त वजन देऊ नका.

या मोजणीत चूक कुठे शिरते तेही सांगतो, कारण लोक पीपीपीचा आकडा पगाराच्या पत्रावर सरळ लावतात आणि फसतात. पहिली अडचण ‘तीच वस्तू’ शोधण्याची. लिस्बनच्या ताटात तिसऱ्या आणि सोलकढी नसते, आणि तिथला काटे काढलेला मासा इथे कोणी वाढत नाही. १९८६ पासून एक इंग्रजी साप्ताहिक बर्गरच्या किमतींवरून चलनं तोलतं, पण भारतात तो गोमांसाचा बर्गर विकलाच जात नाही, म्हणून तिथेही कोंबडीचा बर्गर घालून काम भागवावं लागतं. भाव कोणत्या दुकानांतून घेतले यानेही फार फरक पडतो. २००५ च्या फेरीत चीन पहिल्यांदाच सामील झाला. आधी त्याचा आकडा अंदाजाने काढलेला होता. खरे भाव हाती आले आणि चीनची अर्थव्यवस्था आधी मानली होती त्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान निघाली. देश तोच, माणसं तीच, फक्त भावांची यादी बदलली.

दुसरी अडचण आपल्याला गोव्यात रोज दिसते. हा आकडा देशाच्या सरासरीचा असतो. मामांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं कांदोळीला हॉटेल आहे. तिथे जवळजवळ हीच थाळी ५५० रुपयांना जाते. चलन एकच, मासा एकाच धक्क्यावरचा, आचाऱ्याचा पगार दोन-तीन हजारांनी जास्त. त्याहून जास्त फरक पडू शकत नाही, कारण फोंड्याचा आचारी सकाळच्या बसने तिथे पोचू शकतो. फरक आहे तो जागेच्या भाड्यात, सात-आठ महिन्यांच्या हंगामावर वर्षाचं भाडं काढण्यात, आणि समोर बसलेल्या पाहुण्याच्या खिशात. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण दोन्ही फरक एकच समजतात. फोंडा आणि कांदोळीत जागा महाग-स्वस्त आहे. फोंडा आणि लिस्बनमध्ये माणूस महाग-स्वस्त आहे. कुठला फरक कोणता हे ओळखायचं तर थाळीच्या दरातलं भाडं आणि पगार वेगळे काढून बघायचे. लिस्बनमध्येही शहरातलं घरभाडं आणि खेड्यातलं घरभाडं यांत असंच अंतर आहे, त्यामुळे पोर्तुगालचा सरासरी आकडा घेऊन लिस्बनचा संसार मोजला तर तो असतो त्यापेक्षा सुखाचा दिसतो.

मग कोणता दर कुठे लावायचा? आमच्या आचाऱ्याचंच बघा. हातातले १,००० युरो तो तिथेच खर्च करणार असेल तर त्यांना ३१ ने गुणायचं. ३१ हजार रुपये. म्हणजे इथल्या २६ हजारांपेक्षा थोडं बरं राहणीमान, आणि खोली तिघांत वाटून घेतल्यावर त्यालाही ते तसंच जाणवतं. पहिल्या वर्षी तो फोनवर मला म्हणाला होता, “सर, नव्वद हजार कमावतो असं घरचे सगळ्यांना सांगतात, पण मला ते कुठे दिसत नाहीत.” त्याचं म्हणणं खरं होतं. पण महिन्याला पोटाला चिमटा काढून तो २५० युरो वाचवतो आणि फोंड्याला पाठवतो. त्या २५० ना ३१ चा दर लागत नाही. ते बँकेतून ९० च्या दराने येतात, साडेबावीस हजार होतात, आणि इथे उतरल्यावर फोंड्याच्या भावाने खर्च होतात. जगतो तो लिस्बनच्या भावात, वाचवतो ते बाजाराच्या दराने. गोव्यातून गेलेल्यांची घरं या दोन दरांच्या मधल्या फटीतून उभी राहिली आहेत. खायला-राहायला जितकं कमी लागेल तितकी ती फट मोठी, म्हणून एकटा गेलेला माणूस घर बांधतो आणि बायकामुलांना घेऊन गेलेल्याला ते जड जातं.

देशांचं कर्ज, तेलाची आयात, परदेशी शिक्षणाची फी, घरी पाठवलेले पैसे यांना बाजाराचा दर. कोण किती चांगलं जगतो याला क्रयशक्तीचा दर.

तुम्ही बहिणीकडे पाहुणे होतात, खिशात रुपयांची कमाई होती, म्हणून तुम्हाला ९९० दिसले. तिथे राहणाऱ्याला काय दिसतं ते बघायचं तर दोन्ही चलनं बाजूला ठेवून तास मोजा. २०२४ मध्ये पोर्तुगालचा किमान पगार ८२० युरो होता. कामगाराचे सामाजिक सुरक्षेचे ११ टक्के कापून, १४ पगार १२ महिन्यांवर पसरून, आठवड्याला ४० तास धरले तर तासाला साधारण ४ युरो ९० सेंट हातात येतात. ११ युरोच्या ताटासाठी त्याला सव्वादोन तास काम करावं लागतं. मामांकडे भांडी घासणाऱ्या मुलाला महिना १५ हजार मिळतात, २६ दिवस, रोज नऊ तास. तासाला ६४ रुपये. २२० ची थाळी त्याला साडेतीन तासांच्या मेहनतीला पडते. तुम्हाला जी थाळी साडेचार पट महाग वाटली, ती तिथल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला आपल्या फोंड्याच्या थाळीपेक्षा स्वस्त पडते.